आठव्या दिवसाची साक्ष

सगळ्यात आधी भिकीबायचं नाव लिहिते. जामसरची भिकीबाय. पुढे जे सांगणार आहे त्यात मोहेल आहेत, सांदेक आहे, माझे आईबाबा आहेत, ठाण्याचे थोरले काका आहेत, आणि मी आहे. पण माझ्या भावाचा आठवा दिवस चुकला नाही तो त्या बाईमुळे, आणि माझी लाज राहिली तीही तिच्यामुळेच. माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यातून इतकी वर्षं परदेशातल्या या वाळवंटातल्या गावात काढली, की मराठी लिहिताना हात अडखळतो. एकेक शब्द पुसून पुन्हा लिहिते. चुकलं तर चुकलं, पण नाव आधी लिहून ठेवलं म्हणजे नंतर भीतीने पान फाडलं तरी पहिली ओळ तिचीच असेल.

जव्हारच्या बाजाराच्या मागच्या अंगाला आमचा तेलाचा घाणा होता. आमच्यातले पुष्कळ लोक पिढ्यानपिढ्या तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. बाबा त्यातलेच. खुरासणीच्या तेलबियांच्या मागे लागून ते डोंगर चढून आले आणि इथेच राहिले. अख्ख्या जव्हार-मोखाड्यात ज्यू म्हणून आम्ही एकच घर. साखरशेतची माणसं नाचणी विकून परतताना आमच्याकडे तेलाची बाटली भरून घ्यायची आणि विचारायची, "शेठ, तुमचा देव कंचा?" बाबा वर बोट दाखवायचे. तेवढ्यावर दोन्हीकडचं समाधान व्हायचं. घाण्याचा आवाज हेच आमचं घड्याळ. उजाडलं की करकर सुरू व्हायची आणि सूर्य डोंगराआड गेला की बाबा बैल सोडायचे, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. आमचा दिवस सूर्य बुडाला की संपतो आणि नवा तिथेच सुरू होतो, हे मला कुणी शिकवलं नाही. घाणा थांबला की उद्या लागला, एवढं मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. आजही इथे संध्याकाळी खिडकीशी उभी राहिले की कान त्या करकरीच्या थांबण्याची वाट बघतात, आणि खुरासणीच्या तेलात परतलेल्या आंबाडीचा वास कुठून तरी येतो.

माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले आणि दोन्ही महिन्याच्या आत गेले. दुसऱ्याच्या वेळी मला शाळेतून काढलं. आई उठत नव्हती, बाबा घाणा सोडू शकत नव्हते. मी चूल धरली आणि पुस्तकं माळ्यावर गेली. त्याबद्दल मी कुणावर रागावले नाही. मी रागावले ते पुढच्या वर्षी, ठाण्यात.

थोरल्या काकांना नातू झाला होता. काका म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, तिथल्या मशिदीच्या कमिटीवर. आमच्या जुन्या बोलीत प्रार्थनालयाला मशीदच म्हणतात. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी त्याची मिला करतात, म्हणजे सुंता, अब्राहमापासून चालत आलेला करार. त्या वेळी बाळ आईकडून आधी एका बाईच्या हातात देतात. ती दारापर्यंत नेते, तिथून एक पुरुष घेतो आणि आत नेतो. ज्या बाईला मूल हवं आहे, टिकत नाही, तिच्या हातात मुद्दाम देतात, तिची ओटी भरावी म्हणून. मोहेल, म्हणजे मिला करणारे, आरोनसाहेब होते. तेच म्हणाले, "जव्हारची सून आहे ना, तिला द्या." आईने हात पुढे केले. तिने त्या दिवशी तिची लग्नातली हिरवी साडी नेसली होती. काका सांदेक होते. ज्याच्या मांडीवर बाळाला ठेवून मिला होते तो सांदेक, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा मान त्याचा. काका खुर्चीवर बसूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जिने दोन घालवले तिच्या हातात माझा नातू द्यायचा नाही. घाण्याच्या बैलाची बायको ती, तिला काय कळतं?"

काकूने आईच्या रिकाम्या हातांवरून बाळ पलीकडे नेऊन दुसऱ्या बाईला दिलं. आईचे हात तसेच पुढे राहिले. ते खाली घ्यायचे असतात हे ती विसरली होती. मी तिच्या शेजारी होते, मीच तिचे हात धरून खाली केले. बाबा मान खाली घालून उभे होते. आत सगळे "बारुख हबा" म्हणाले, येणाऱ्याचं स्वागत असो. आणि मी मनात म्हणाले, थांब काका, तुझा दिवस येऊ दे.

तीन वर्षांनी आईला दिवस राहिले तेव्हा काकांनी निरोप पाठवला : मुलगा झाला तर सांदेक मीच बसणार, आमच्या वडिलांची उशी घेऊन येईन, मोहेलना बरोबर आणीन. बाबा खूश. भाऊ स्वतःहून येतो म्हणतोय, यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं.  दिवस भरले तेव्हा आई घरातच बाळंत झाली, भिकीबायच्या हातून. भिकीबाय वारली जमातीची, आमच्या भागातली दाई. जामसरपासून पोशेऱ्यापर्यंत तिने किती मुलं जगात आणली तिलाच ठाऊक. विटभट्ट्यांवर आणि भिवंडीला मजुरी करून तिने हिंदीही उचललेली. तिचे हात पायलीएवढे आणि आवाज त्याहून मोठा. सोमवार होता. दिवस कलला होता पण घाण्याच्या पत्र्यावर ऊन होतं, घाणा चालू होता, आणि त्या करकरीतून बाळाचं रडणं आलं.

"पोरगा गो!" ती आतून ओरडली. "शेठ, तो बैल थांबव, तुझ्या पोराचा गळा ऐक!"

बाबांनी बैल थांबवला नाही. ते तिथेच चालत्या बैलामागे गोल गोल फिरत रडत होते. थोड्या वेळाने सूर्य गेला, मग बैल सोडला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला पोस्टात पाठवलं, ठाण्याला फोन करायला. "सांग, सोमवारी जन्मला, सूर्य असताना. म्हणजे पुढच्या सोमवारी मिला. आमंत्रण म्हणू नकोस हं, नुसतं कळव." आमच्यात मिलाचं आमंत्रण देत नाहीत. प्रत्येक मिलाला एलियाहू हनाबी, म्हणजे आमचे प्रेषित एलियाहू, येतात असं मानतात. म्हणून बोलावणं नाकारलं तर त्यांनाच नाकारल्याचा दोष लागतो. तो दोष कुणाला लागू नये म्हणून नुसता दिवस सांगायचा, ज्याला यायचं तो येतो.

फोन काकूने घेतला. "कधी झाला गं?" तिने विचारलं.  आईचे पुढे केलेले हात मला दिसत होते. मी म्हणाले, "सोमवारी. दिवेलागणी झाल्यावर."

एवढंच. दिवे लागल्यावर म्हणजे मंगळवार लागला, म्हणजे मिला पुढच्या मंगळवारी. काका मंगळवारी उशी घेऊन येतील आणि मिला होऊन गेलेली असेल. रिकाम्या मांडीने परत जातील. पोस्टातून घरी येताना मी खरंच उड्या मारत आले, खोटं कशाला सांगू? आरोनसाहेबांना बाबांनी वेगळं पत्र टाकलं असणार अशी माझी खात्री होती.

रविवारी दुपारी बाबा मांडव घालत होते. मी सहज विचारलं, "आरोनसाहेब कुठल्या गाडीने येणार?"

"भाऊ आणतोय की. मी पत्रात लिहिलंय, दिवस भाऊ सांगेल. कशाला दोनदा?"

 उद्या दोघांपैकी कुणीच येणार नव्हतं. सूर्य बुडाल्यावर मिला होत नाही, ती दिवसाउजेडीच करायची असते. मूल आजारी नसताना आठवा दिवस हुकवणं म्हणजे बापाच्या कपाळी ठपका. दोन मुलं गमावलेल्या माझ्या आईच्या तिसऱ्या मुलाचा दिवस मी काकांवरच्या सुडापायी बुडवणार होते. पोस्ट बंद होतं. मी मोरीत जाऊन ओकले. भिकीबाय तिथे बाळाला अंघोळ घालायचं पाणी काढत होती. तिने माझं तोंड धुतलं आणि म्हणाली, "काय खाल्लंस? का काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि आधी हसली. मग डोक्यावर टपली मारली, जोरात. "साप मारायला गेलीस नि घराला आग लावलीस! त्या सुरीवाल्या म्हाताऱ्याचं घर ठावं हाय ना तुला? मग उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. बापाला सांग, बाळगुटीच्या मुळ्या आणायला जातो. मुळ्या हायेत माझ्या कनवटीला, त्याचा घोर नको."

वाडा, भिवंडी करत गाडी ठाण्याला पोचेपर्यंत मी खिडकीतून सूर्य किती वर आला तेच बघत होते. भिकीबाय मात्र शेजारच्या बाईला माझं लग्न कुठे जमवावं ते विचारत होती. आरोनसाहेब दाराशीच भेटले, पांढरी दाढी, बनियनवर. त्यांना वाटत होतं उद्या जायचंय. मी म्हणाले, "आज आठवा दिवस आहे. फोनवर दिवस चुकीचा सांगितला गेला." कुणी सांगितला ते मी बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिकीबायकडे.

"मूल बाहेर आलं तेव्हा सूर्य कुठे होता, बाई?"

"डोंगराच्या वर, दोन बोटं. नाळ कापली तवा पत्र्यावर ऊन व्हतं, माझ्या डोळ्यांत चमकत व्हतं. नि घाणा चालू व्हता. हिचा बाप दिस बुडल्याबिगर घाणा थांबवत नाय, सगळ्या जव्हारला ठावं हाय."

"सूर्याचं बूड टेकलं होतं का डोंगराला?"

"साहेब, मी दाई हाय. पोर कधी आलं त्याचं मला नाय कळणार तर कुणाला कळणार?"

म्हातारा हसला. "पटलं. संधिप्रकाशात जन्मला असता तर दिवसाचा संशय, मग पुढचा दिवस धरावा लागतो. हा लख्ख सोमवारचा." आणि ते पेटी भरायला लागले. दुधारी सुरी, मधे फट असलेली चांदीची पट्टी, काचेची नळी, कापसाचे पट्टे. भरता भरता म्हणाले, "काकांना कळवायला हवं. कळवायचं काम तुझ्या घरचं आहे, माझं नाही. दोन गल्ल्या तर आहेत. गाडीला वेळ आहे, सांगून ये."

मी गेले. गल्लीच्या कोपऱ्यावरून काकांची गॅलरी दिसते. काका तिथे उभे होते. कठड्यावर ती उशी, लाल मखमलीची, उन्हात टाकलेली. काका काठीने तिची धूळ झाडत होते. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. त्यांनी टोपी घालून खाली उतरायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. मी तिथे उभी राहून मोजलं, दहा मिनिटंच. मग परत फिरले. आरोनसाहेबांना सांगितलं, "दार बंद आहे. कुणी नाही."

भिकीबाय माझ्यामागे आली होती. कोपऱ्यावर उभी राहून तिनेही ती गॅलरी पाहिली होती. आरोनसाहेबांची पेटी उचलून ती पुढे चालायला लागली.

आम्ही तीनच्या सुमाराला पोचलो. बाबा स्टँडवर घालमेल करत उभे होते. भिकीबायच्या हातातल्या मुळ्या बघून त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, भाऊ कुठे, एवढंच विचारलं. आरोनसाहेब म्हणाले, "या गाडीला नाहीत. आठवा दिवस कुणासाठी थांबत नाही. चल." त्यांनी आधी बाळ उजेडात धरलं. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून, डोळे उघडून पाहिलं, पिवळेपणा आहे का. असता तर बरं होईपर्यंत थांबावं लागलं असतं. नव्हता. दहा ज्यू पुरुष असले तर चांगलं, नसले तरी मिला अडत नाही, असं त्यांनी बाबांना समजावलं. मांडवात शेजारपाजारची माणसं दाटली होती, माझे जुने गुरुजीही. आरोनसाहेबांनी त्यांना उभं राहायला सांगितलं, कारण मिला उभ्याने बघतात, बसतो फक्त सांदेक. आणि दोन शब्द घोकून घेतले. बाळ आलं की म्हणायचं "बारुख हबा" आणि प्रार्थना संपली की "आमेन". जव्हारच्या शिंप्याने एवढ्या जोरात आमेन म्हणून बघितलं की बैल दावणीला उठून उभा राहिला.

दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर आईची लग्नातली ती हिरवी साडी घडी करून घातली. ती एलियाहू हनाबींची, रिकामी. दुसरी सांदेकाची. "कोण बसणार?" आरोनसाहेबांनी विचारलं. बाबा गोंधळले. "भाऊ..."

"भाऊ नाही. बापाने बसायला काही हरकत नाही. मोहेल तरी कोण असतो? हे बापाचंच काम, तो फक्त हात माझा वापरतो."

आतून आई बोलली, पहिल्यांदाच. "यांच्याच मांडीवर. आणि बाळ मी भिकीच्या हातात देणार."

कुणी तरी म्हणालं असतं, ती आपल्यातली नाही. आरोनसाहेब म्हणाले, "दारापर्यंत कुणीही न्यावं." त्यांना तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवत होती, मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. आईने हात पुढे केले, या वेळी भरलेले, आणि भिकीबायने बाळ घेतलं. ती इतकी हळू चालली की जणू पहिल्यांदाच मूल धरत होती. दारात गुरुजींनी घेतलं. सगळा मांडव म्हणाला, "बारुख हबा!"

आरोनसाहेबांनी बाळ क्षणभर साडीवर ठेवलं आणि म्हणाले, ही एलियाहूची खुर्ची. मग बाबांच्या मांडीवर, उशीवर. उशी आमची, कापसाची, तेलाचा डाग पडलेली. बाबांनी दोन्ही गुडघे धरले, सांगितलं तसे, घट्ट पण दाबून नव्हे. आरोनसाहेबांनी आशीर्वाद म्हटला. पट्टी बसवली, सुरी एकदाच फिरली. मग नखाने आतलं पातळ कातडं मागे घेतलं आणि नळीने रक्त ओढून घेतलं. सगळं मिळून मी एक श्वास धरून सोडला एवढ्यात. बाबांनी अब्राहमाच्या करारात मुलाला आणल्याचा आशीर्वाद म्हटला. त्यावर आलेल्यांनी उत्तर द्यायचं असतं, जसा करारात आला तसा तोरा या आमच्या धर्मग्रंथात, लग्नात आणि सत्कर्मांतही येवो. आरोनसाहेबांनी ते मराठीत सांगितलं आणि सगळ्यांनी मागोमाग म्हटलं. मग मनुकांच्या सरबताच्या पेल्यावर आशीर्वाद, बाळाचं नाव, आजोबांचंच, आणि 'तुझ्या रक्ताने तू जग' म्हणत दोन थेंब ओठांवर. बाळ चुपचूप चाटायला लागलं. सब्जाची पानं हातोहात हुंगायला फिरली. नंतर मलिदा, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, केळी. बाबा उठेचनात. घाण्याचा बैल म्हटलेला तो माणूस त्या खुर्चीवर सूर्य बुडेपर्यंत बसून राहिला. त्या दिवशी घाणा चाललाच नव्हता. आरोनसाहेब संध्याकाळच्या गाडीने गेले, रात्री भिवंडीलाच मुक्काम करणार होते.

मंगळवारी दुपारी काका आले. कोट, टोपी, काखेत लाल उशी, मागे काकू. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. याच क्षणाची मी तीन वर्षं वाट बघितली होती. "आरोनसाहेब पुढे आले ना?" त्यांनी विचारलं. "घरी नव्हते सकाळी."

"ते काल येऊन गेले," मी म्हणाले. "मिला काल झाली. सांदेक बाबा बसले. मलिदा उरलाय, देऊ?"

काकांच्या तोंडाचा रंग गेला. ते मला बघायचंच होतं. मी मनसोक्त बघितलं. मग काकू कडाडली, "तूच सांगितलंस ना फोनवर, दिवेलागणी झाल्यावर?" बाबा घाण्यातून आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं 'तू?' होतं. 

भिकीबाय बाळाला तेल चोळत बसली होती. तिने वरही बघितलं नाही. "तिचं काय चुकलं? पोस्टात निघाली तवा मीच तिला अडवून सांगितलं, बाप चुकलाय, दिवे लागल्यावरचा जन्म. माझ्याच डोक्यात घोळ झाला. मागनं ध्यानात आलं."

"अडाणी बाई!" काका ओरडले. "मूल कधी जन्मलं ते दाईला सांगता येत नाही? अशीच्या हातात घर दिलंस तू!" ते उशी तशीच काखेत घेऊन परतीच्या गाडीला गेले. जाताना बाजारात, स्टँडवर, भेटेल त्याला सांगत गेले.

मी गप्प राहिले. आईने माझ्याकडे बघितलं, तिला कळलं होतं, तीही गप्प राहिली. बाबा साधे होते. त्यांनी खरं मानलं. पुढे माझी धाकटी बहीण जन्मली त्या वेळी त्यांनी दवाखान्यातली नर्स बोलावली. "भिकी आताशा विसरते," म्हणाले. मग बाजारातली दुसरी घरंही तसंच म्हणायला लागली. जी बाई उन्हाची दोन बोटं मोजायची, तिला लोक विसराळू म्हणायचे, आणि ती मला रस्त्यात भेटली की हसून विचारायची, "काय गो, सापाचा काय हाल?"

काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं मी काही देणं लागत नाही. तो मंगळवार मला परत मिळाला तर मी पुन्हा तसाच मलिदा विचारीन. मी चांगली बाई नाही, पण तेवढ्यापुरती मी सुखी आहे. फेडायचं राहिलंय ते दुसरंच. माझा भाऊ गेल्या महिन्यात जव्हारला जाऊन आला. म्हणाला, भिकीबाय आहे अजून, डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाज तसाच, ओटीवर बसते. त्याने नाव सांगताच तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "तू सोमवारचा. ऊन व्हतं तवाचा."

तर भिकीबाय, तुला वाचता येत नाही, आणि मला इथून उठता येईल की नाही याची रोज धास्ती वाटते. तरी लिहून देते. एकदा येईन. जामसरला येईन, बाजाराच्या दिवशी येईन, बाजारची माणसं तुझ्या ओटीसमोर बोलावीन, आणि त्यांच्यापुढे मोठ्याने सांगीन, की हिची वेळ कधी चुकली नव्हती, खोटं मी बोलले होते. तू तेवढं माझी वाट बघ. आमंत्रण नको देऊस, नुसता दिवस कळव.